थोडे खाणाऱ्या आई-वडिलांच्या ताटात डाळ, दूध आणि फळ किती व कसे?



आमच्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत बी-बियाणे आणि कीड-रोगांबरोबर एक प्रश्न वारंवार असतो. "आई दोन घास खाते आणि ताट सारते. आग्रह केला तर म्हणते, पोट भरलं. दिवसेंदिवस वाळत चालली आहे. काय द्यावं?" या पत्रकात तेवढाच विषय घेतला आहे. औषधोपचार हा डॉक्टरांचा प्रांत आहे, त्यात आपण शिरणार नाही. पण घरात पिकलेली डाळ, गोठ्यातले दूध आणि बांधावरचे फळ यांचे माप कसे बसवायचे, हे आपल्या हातातले काम आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. उतारवयात भूक कमी होते हे खरे, पण अंगाची गरज त्या मानाने कमी होत नाही. भाकरी-भात थोडा कमी चालतो, कारण कष्ट कमी झालेले असतात. पण ज्याच्यावर मांस आणि ताकद टिकते ती प्रथिने तरुण माणसाइतकीच, किंबहुना थोडी जास्तच लागतात. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हातारपणी ती १ ग्रॅमपर्यंत मिळावीत असे आता तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ४२ किलो वजनाच्या आईला रोज साधारण ४० ग्रॅम. हे कमी पडले की शरीर स्वतःच्या मांड्या-दंडांतले मांस वापरू लागते. मग उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो, तोल जातो, आणि एखाद्या दिवशी न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडते.

तेव्हा आपला प्रश्न "जास्त कसे खाऊ घालायचे" हा नाही. घास तेवढेच राहणार. त्या घासांत माल कसा वाढवायचा, हा प्रश्न आहे. दात झिजलेल्या बैलाला आपण अख्खी सरकी टाकत नाही, भरडा भिजवून थोडा थोडा देतो. माणसाचे मन बैलापेक्षा फार निराळे, पण पोटाचा हिशेब तोच आहे.

आधी आजचा हिशेब करा

एक उदाहरण धरू. घरात ७२ वर्षांच्या आजी आहेत. वजन ४२ किलो. मोठा आजार नाही, दात निम्मे गेलेले. दिवसभराचे खाणे असे: तीन वेळा कपभर चहा, सकाळी दोन बिस्किटे, दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी, चमचाभर भाजी आणि वाटीभर आमटी, रात्री मूठभर भात आणि तीच आमटी.

घरच्यांना वाटते, "आमटी दोन्ही वेळा घेते की, डाळ पोटात जाते." आता मोजून पाहू. आपल्याकडे सहा माणसांची आमटी पाण्याने वाढवलेली असते. डाळ तळाला बसते आणि पळी वरून फिरते. अशा पातळ आमटीच्या वाटीत कोरडी डाळ जेमतेम १० ग्रॅम असते, म्हणजे प्रथिने दोन-अडीच ग्रॅम. दोन्ही वेळची मिळून पाच. अर्ध्या भाकरीची तीन, भाताची दोन, चहातल्या दुधाची तीन, भाजी आणि बिस्किटांची दोन. सगळी बेरीज १५ ग्रॅम. हवी होती ४०. आजींचे पोट भरलेले आहे, पण पाण्याने भरलेले आहे.

घरचा असा हिशेब एक दिवस वहीत लिहून काढा. काय खाल्ले एवढेच नव्हे, केव्हा खाल्ले हेही लिहा. पुष्कळदा असे दिसते की जेवणाआधी अर्धा तास चहा झालेला असतो किंवा तांब्याभर पाणी प्यायलेले असते, आणि मग ताटावर भूक राहत नाही.

डाळ: माप वाढवायचे नाही, पाणी कमी करायचे

पहिला बदल डाळीचा करा, कारण यात वेगळा स्वयंपाक नाही की जादा खर्च नाही. डाळ शिजली, घोटली, की फोडणीला पाणी घालण्याआधी आजींचा वाटा बाजूला काढा. घट्ट वरण, त्यावर मीठ, जिरे, हिंग आणि चमचाभर तूप. मग उरलेल्या डाळीत पाणी घालून घरच्यांची आमटी करा.

वाटा किती? कोरडी डाळ एका वेळेला २५ ग्रॅम, दिवसाला ५०. घरात तराजू नसेल तर साधी युक्ती आहे. दुकानातून पाव किलो डाळ मोजून आणा आणि नेहमीच्या मोठ्या चमच्याने सपाट चमचे मोजत डब्यात भरा. वीस चमचे बसले तर एका चमच्यात साडेबारा ग्रॅम; म्हणजे आजींच्या वाट्याचे एका वेळेचे दोन चमचे. एकदा माप ठरले की पुन्हा मोजायला नको. घरच्या डाळीत आजींचे दोन चमचे वेगळे मोजून टाकायचे आणि शिजल्यावर तेवढे घट्ट वरण, साधारण अर्धी-पाऊण वाटी, काढून घ्यायचे.

२५ ग्रॅम तुरीच्या डाळीत साडेपाच, मुगाच्या डाळीत सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. वाटी पूर्वीपेक्षा लहान झाली आणि पोषण दुप्पट झाले.

वरण नुसते पिण्यापेक्षा त्यात अर्धी भाकरी कुस्करून द्या. डाळीच्या प्रथिनात जे उणे असते ते ज्वारी-तांदळात असते, आणि ज्वारी-तांदळात जे उणे ते डाळीत असते. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाचे उणे दुसरे भरून काढते. भाकरी मऊ होते, चावावी लागत नाही, हा वेगळा फायदा. रात्री हीच गोष्ट मुगाच्या मऊ खिचडीने साधते. नेहमीच्या खिचडीत डाळ नावापुरती असते; आजींच्या खिचडीत डाळ आणि तांदूळ निम्मेनिम घ्या, दोन-दोन चमचे.

डाळ एकदम वाढवली तर पोट फुगते आणि आजी दुसऱ्या दिवशी वरणाकडे बघणार नाहीत. म्हणून पहिले तीन-चार दिवस एकाच वेळेचे वरण घट्ट करा, तेही मुगाचे. सोसले की दुसरी वेळ. डाळ तासभर भिजवून ते पाणी टाकून शिजवली तर वायू कमी धरतो. मटकी, हरभरा, वाटाणा ही सालीची कडधान्ये या वयात जड जातात. द्यायचीच तर मोड आणून, चांगली शिजवून, घोटून द्या.

वरणावर अर्ध्या लिंबाची फोड पिळा. लिंबाच्या आंबटपणाने डाळीतले लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणाला लागून नको, तो हेच लोह अडवतो. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवा.

दूध: डेअरीचे कॅन भरण्याआधी

दुधाच्या बाबतीत स्पष्ट बोलायला हवे. घरात दोन म्हशी असतात, आणि सकाळ-संध्याकाळचे दूध संकलन केंद्रावर जाते. घरात राहते ते चहापुरते. त्यातला पेला आजींपुढे ठेवला तर त्या नातवाला देतात. "मला आता काय करायचंय दूध पिऊन," असे त्या म्हणतात आणि आपण ते खरे धरतो. त्या असे म्हणतात ते बहुधा घरचा हिशेब त्यांना ठाऊक असतो म्हणून. तेव्हा धार काढल्यावर कॅनमध्ये ओतण्याआधीच आजींचे दूध वेगळ्या भांड्यात काढा आणि नातवाचे वेगळे. दोघांचे दिसले की त्या नाही म्हणत नाहीत.

माप दिवसाला साधारण ४०० मिलिलीटर, चहा आणि दही धरून. त्याचे तुकडे असे करा: सकाळी लहान पेलाभर, म्हणजे १५० मिलिलीटर, दुपारच्या जेवणात अर्धी वाटी दही, रात्री निजताना पुन्हा १५०, उरलेले चहाला. एका लहान पेल्यातून पाच ग्रॅम प्रथिने मिळतात, शिवाय हाडांना लागणारे कॅल्शियम. म्हशीचे दूध सायीसह दिले तरी वाळलेल्या माणसाला हरकत नाही. त्याला स्निग्धांशाची गरज असते. दूध जड वाटले तर गाईचे द्या.

दुधाची वेळ महत्त्वाची आहे. जेवणाच्या आधी किंवा जेवणासोबत पेलाभर दूध दिले की जेवण बुडते. दूध दोन जेवणांच्या मधल्या वेळेतच द्यायचे. सकाळी ते नुसते न देता त्यात दोन चमचे नाचणीचे सत्त्व शिजवून पातळ खीर केली तर बिस्किटांची गरज राहत नाही.

दूध प्यायल्यावर पोटात गुरगुरते, जुलाब होतात, अशी तक्रार काहींची असते. त्यांना दूध थांबवून दही द्या. दह्यात ती साखर काही प्रमाणात विरजणाने खाल्लेली असते, म्हणून ते सोसते. पण दही आणि ताक एक समजू नका. पेलाभर पातळ ताकात दही दोन-तीन चमचेच असते. ताक पाण्याच्या हिशेबात धरा, दुधाच्या नाही. आणि दूध घरचे असले तरी उकळल्याशिवाय कोणालाच देऊ नका.

फळ: जेवणानंतर, आधी नाही

फळाबद्दल दोन चुकीच्या समजुती आढळतात. एक, फळ म्हणजे आजाऱ्याचे टॉनिक, म्हणून जेवण जात नसेल तर फळावर ठेवावे. फळात बहुतांश पाणी असते आणि प्रथिने नावाला. जेवणाऐवजी फळ दिले तर आजी आणखी वाळतील. दुसरी, फळ म्हणजे सफरचंद-मोसंबी, आणि ती महाग म्हणून परवडत नाही. बांधावरची पपई, केळ, चिकू, पिकलेला पेरू ही फळे तितकीच कामाची आहेत.

फळाचे काम निराळे आहे. ते तोंडाला चव आणते आणि पोट साफ ठेवते. बद्धकोष्ठता असली की भूक मरते. पुष्कळ घरांत "जेवण जात नाही" याचे मूळ तिथेच असते. म्हणून दिवसाला दोन वेळा, एका वेळेला साधारण १०० ग्रॅम फळ पुरे. पपईच्या दोन बोटभर जाड फोडी, किंवा एक केळ, किंवा एक मध्यम चिकू. पेरू द्यायचा तर बिया काढून गर चमच्याने. वेळ दुपारच्या जेवणानंतर तासाभराने, आणि चार वाजता. फळाचा रस काढू नका. चोथा जातो आणि पोट पाण्याने भरते. केळ्याने सर्दी होते असे आजी म्हणत असतील तर वाद घालू नका, पपई द्या.

नवा हिशेब

आता आजींचा दिवस पुन्हा मांडू. सकाळी नाचणीची दुधातली खीर, ६ ग्रॅम. दिवसात दोन अर्धे कप चहा, दूध बरे घालून, २ ग्रॅम. बारा वाजता घट्ट वरण, त्यात कुस्करलेली अर्धी भाकरी, थोडी भाजी, अर्धी वाटी दही, मिळून १२ ग्रॅम. चार वाजता फळ आणि शेंगदाण्याचे कूट-गूळ घालून केलेला छोटा लाडू, साडेचार ग्रॅम. सात वाजता मुगाची निम्मेनिम खिचडी, ८ ग्रॅम. निजताना पेलाभर दूध, ५ ग्रॅम. बेरीज साडेसदतीस. घरात अंडे चालत असेल तर एक उकडलेले अंडे ६ ग्रॅमची भर घालते. चालत नसेल तर दोन मोठे चमचे बेसनाचे मऊ पिठले अथवा धिरडे चार ग्रॅम देते. आपण चाळिसाच्या पुढे गेलो, आणि कोणत्याही वेळी आजींपुढे वाढलेले ताट ठेवले नाही.

हे सगळे एका दिवसात आणू नका. पहिला आठवडा फक्त वरण घट्ट करा. दुसऱ्या आठवड्यात दुधाची वेळ आणि माप बसवा. तिसऱ्यात फळ आणि लाडू. प्रत्येक वेळी ताट लहान घ्या. भरलेले ताट पाहूनच कमी भुकेच्या माणसाची इच्छा जाते. छोट्या ताटलीतले संपले की त्या स्वतःहून चमचाभर मागतात. पाणी दिवसभर मिळाले पाहिजे, पण जेवणाआधी तांब्याभर नको.

वर्षाचा हिशेबही शेतकऱ्याने करून ठेवावा. रोज ५० ग्रॅम म्हणजे महिन्याला दीड किलो, वर्षाला १८ किलो डाळ. घरच्या तुरीचा डाळीचा उतारा शंभराला सत्तर धरला तर सुमारे २६ किलो तूर. तूर बाजारात नेण्याआधी एवढी एका पोत्यात वेगळी ठेवा. पाव क्विंटल तुरीत आईचे वर्ष निघते. निम्मी डाळ मुगाची वापरली तर त्याहून कमी.

लागू पडते आहे का, हे कसे कळेल?

धान्याच्या काट्यावर पंधरा दिवसांनी एकदा वजन करा. काटा तोच, वेळ सकाळची, आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहा. पहिल्या महिन्यात वजन वाढले नाही तरी घट थांबली म्हणजे लागू पडते आहे. दुसरी खूण बांगड्यांची: हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या असतील तर मांस कमी होत आहे. तिसरी, खुर्चीवरून हात न टेकता उठता येते का.

वजनाला एक फसवी बाजू आहे. पायाला सूज आली तर पाण्याने वजन वाढते. नडगीवर अंगठा दाबून धरा. खळगा राहिला तर वाढलेले वजन खरे नव्हे, डॉक्टरांकडे जा.

इथे घरचा हिशेब थांबवा

मूत्रपिंडाचा आजार सांगितलेला असेल तर डाळ, दूध आणि केळ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्या माणसाला हेच माप अपाय करील. मधुमेह असेल तर खिरीत गूळ-साखर नको, लाडूऐवजी नुसते भाजलेले दाण्याचे कूट, आणि फळ एका वेळेला निम्मे, पण बंद नको. थायरॉईड, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्या दुधा-चहाशी कशा घ्यायच्या ते विचारून घ्या.

महिन्यात दोन किलो किंवा सहा महिन्यांत चार किलो वजन घटले, गिळताना ठसका लागतो, तोंडात न भरणारे फोड आहेत, दोन आठवड्यांवर खोकला किंवा ताप आहे, शौचात रक्त दिसते, किंवा आजी कोणाशी बोलेनाशा झाल्या आहेत, तर ही नुसती म्हातारपणाची भूक नव्हे. आशाताईंना सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. जाताना चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून न्या, कारण काही गोळ्यांनीच भूक जाते. वजनाचे लिहिलेले आकडेही सोबत असू द्या. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

आज रात्री डाळ शिजली की पाणी घालण्याआधी पळीभर घट्ट वरण आईसाठी काढून ठेवा. बाकीचे माप तिथून पुढे बसवत न्या.